आयफोन १६ चा फोटो दाखवला तर मॉडेल त्याला १२ का म्हणतंय?

जुना_मोबाइलवाला

मंडळी, जरा डोकं लावा. कोल्हापुरात माझं जुन्या मोबाइलचं दुकान आहे. दिवसाला वीस-पंचवीस फोन येतात. काही एक्स्चेंजचे, काही दुसऱ्या व्यापाऱ्याकडून लॉटमध्ये घेतलेले. पूर्वी प्रत्येकाची नोंद मी हातानं करायचो. दोन महिन्यांपूर्वी भाच्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोटो ओळखणारं एक मॉडेल बसवून दिलं. फुकटातलं आहे, नेट लागत नाही. फोनच्या पाठीचा फोटो टाकायचा, ते कंपनी, मॉडेल आणि रंग ओळखतं आणि शीटमध्ये आपोआप ओळ भरली जाते. जुन्या मालावर छान चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात लॉटमध्ये एक काळा आयफोन १६ आला. चार्जिंग उतरलेलं, म्हणून चालू करून कुणी बघितलं नाही. शीटमध्ये ओळ पडली 'आयफोन १२, काळा'. मी जेवायला गेलो होतो, काउंटरवरचा पोरगा नवा. त्यानं शीट बघून १२ चा भाव सांगितला. गिऱ्हाइकानं पैसे मोजले आणि गेलं. ते कशाला बोलेल? मला तीस हजारांच्या आसपास फटका.

आता प्रश्न असा. भाचा म्हणतो ट्रेनिंगचा कटऑफ आहे, त्यानंतरचं त्याला दिसलेलंच नाही. पण मॉडेलच्या माहितीत तर २०२४ च्या अखेरपर्यंतचं शिकलंय असं लिहिलंय आणि आयफोन १६ आला सप्टेंबर २०२४ ला. वर गंमत म्हणजे फोटो न देता नुसतं टाइप करून विचारलं, तर आयफोन १६ ला कॅमेरे कसे, बटणं कुठली, सगळं बरोबर सांगतंय. नाव माहीत, रूप माहीत, आणि समोर ठेवला तर ओळखत नाही. ही काय भानगड?

मंदाकाकू_डोंबिवली

आमच्या नातवाचंही कटऑफमुळेच अडलं हो. एका मार्काने कॉम्प्युटर हुकलं, आता दुसऱ्या राउंडची वाट बघतोय. तुमच्या भाच्याला कुठलं कॉलेज मिळालं?

जुना_मोबाइलवाला

काकू, तो कटऑफ वेगळा. मॉडेलला शिकवताना कुठल्या तारखेपर्यंतचे फोटो आणि मजकूर दाखवला, त्या तारखेला पण कटऑफच म्हणतात. नातवाला शुभेच्छा.

बावनकशी

कटऑफ वगैरे काही नाही. ही मॉडेलं फोटो आधी बारीक करतात आणि मग बघतात. तुम्ही चार हजार पिक्सेलचा फोटो द्या नाहीतर आठ हजारांचा, आत जाताना तो टपाल तिकिटाएवढा होतो. कॅमेऱ्याची बारकी रचना त्यात मरते. फोनच्या पाठीचा फक्त वरचा कोपरा कापून द्या, ओळखेल. विषय संपला.

खोडरबर

विषय एवढ्यात संपत नाही, पण बावनकशी म्हणतात ते अर्धं खरं आहे. फोटो लहान होतो हे बरोबर. मी गेली काही वर्षं याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की असं मॉडेल एकसंध नसतं. त्यात एक डोळा असतो आणि एक तोंड. डोळा फोटोचे आकडे बनवतो, तोंड त्या आकड्यांवरून वाक्य बोलतं, आणि मधे दोघांना जोडणारा छोटा पूल. आता हे दोघं बऱ्याचदा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी शिकवलेले असतात. २०२३ मधलं लाव्हा १.५ घ्या, त्याचं सगळं उघड छापलेलं आहे. त्याचा डोळा म्हणजे क्लिप नावाचं मॉडेल, जे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालं. नेटवरच्या चाळीस कोटी फोटो-मजकूर जोड्यांवर ते शिकलेलं. लाव्हा बनवताना तो डोळा गोठवून ठेवला, त्याला नवीन काही शिकवलं नाही. म्हणजे २०२३ चं मॉडेल जगाकडे बघतंय २०२० पर्यंतच्या डोळ्यानं. त्यात पुढे कुणी २०२४ च्या मजकुरावर शिकलेलं तोंड लावलं, तर माहितीच्या पानावर तारीख छापली जाते तोंडाची. डोळ्याची तारीख बहुतेक वेळा कुणी लिहीतच नाही.

जुना_मोबाइलवाला, तुमचं कोडं इथंच आहे असा माझा अंदाज. टाइप करून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तोंड देतं, त्याला डोळ्याची गरज नाही. फोटो दिला की आधी डोळा बोलतो.

हे सगळ्या मॉडेलांना लागू नाही. नंतरची बरीच मॉडेलं डोळाही पुन्हा शिकवतात. तुमच्याकडचं कुठलं आहे ते न बघता छातीठोक सांगणार नाही.

बावनकशी

लाव्हा? तो मोबाइल बनवणारा लाव्हा? त्यांनी हे कधी काढलं?

खोडरबर

नाही हो, नावसारखेपणा आहे. हे संशोधकांचं मॉडेल, मोबाइल कंपनीचा काही संबंध नाही.

जुना_मोबाइलवाला

बरं, पण एक सांगा. डोळ्यानं १६ कधी बघितला नाही, मान्य. मग 'माहीत नाही' म्हणायचं ना. १२ च का? १५ का नाही? १५ तर जवळचा.

खोडरबर

वयानं जवळचा, रूपानं नाही. तुम्ही धंद्यातले आहात, मागच्या कॅमेऱ्यांची रचना आठवा. आयफोन ११ आणि १२ ला दोन कॅमेरे एकाखाली एक. २०२१ ला १३ आला आणि कॅमेरे तिरके झाले. १४ तिरके, १५ तिरके. आणि २०२४ ला १६ मध्ये पुन्हा उभे. बाजूच्या कडा १२ पासूनच सपाट आहेत. १६ येण्याआधीच शिकून झालेल्या डोळ्याला 'उभे दोन कॅमेरे, काळी पाठ, मधे सफरचंद' हे दिसलं की त्याच्या ओळखीत ११ नाहीतर १२ शिवाय कुणी बसतच नाही. तोंडाला १६ चे कॅमेरे उभे असतात हे वाचून माहीत आहे, पण 'उभे कॅमेरे' या दृश्यापाशी १२ चे हजारो फोटो बांधलेले आहेत आणि १६ चा एकही नाही.

गावच्या लग्नात दहा वर्षांनी आलेली आत्या पोराकडे बघून त्याच्या बापाच्या नावानं हाक मारते ना, तसंच. चेहरा तिनं नीटच बघितलेला असतो.

आणि 'माहीत नाही' का म्हणत नाही? क्लिपसारख्या डोळ्याला तुम्ही नावांची यादी दिली तर तो प्रत्येक नावाला गुण देतो आणि सगळ्या गुणांची बेरीज शंभर टक्के करतो. यादीत खरं नाव नसलं तरी शंभर टक्के कुणाला ना कुणाला वाटले जाणारच. बोलणाऱ्या मॉडेलांत यादी नसते, पण शिकवताना त्यांना दाखवलेली बहुतेक उदाहरणं 'हा काय आहे? हा अमुक आहे' अशीच. 'हा मी कधी बघितलेला नाही' असं उत्तर असलेली उदाहरणं फार कमी. त्यामुळे चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराच्याच सुरात येतं.

तारयंत्र

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे माझं उदाहरण आमच्याच घरातलं. मुलीनं घरातली कागदपत्रं स्कॅन करून वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला असंच काहीतरी लावलं आहे. बीएसएनएलचं बोधचिन्ह ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललं. जुन्यात करडा गोल, त्यावर लाल-निळे बाण. नव्यात भगवा गोल, त्यात भारताचा नकाशा, पांढरे-हिरवे बाण, आणि खाली 'कनेक्टिंग इंडिया' जाऊन 'कनेक्टिंग भारत' आलं. पूर्ण पानाचं बिल असलं की बरोबर फोल्डरमध्ये जातं. नुसतं चिन्ह छापलेलं पाकीट असलं की ते 'सरकारी योजना' मध्ये जाऊन पडतं! भगवा-हिरवा आणि नकाशा दिसला की सरकारी योजना, असं त्याचं गणित दिसतं.

मला यात खटकतं ते असं. पूर्ण बिल बरोबर जातं म्हणजे त्याला नवं चिन्ह कळतं असं मुलगी सहा महिने समजत होती.

खोडरबर

तारयंत्र काका, नेमकं बोट ठेवलंत. पूर्ण बिलावर तो चिन्ह ओळखत नव्हता, अक्षरं वाचत होता. बोधचिन्हांच्या बाबतीत ही फसगत नेहमीची. तपासायचं असेल तर अक्षरांवर कागद ठेवून फक्त चिन्हाचा फोटो द्यायचा. नाव गेल्यावर उत्तर बदललं तर ओळख अक्षरांची होती.

चिन्हांचं अजून एक दुखणं आहे. ट्विटरनं जुलै २०२३ मध्ये पक्षी काढून एक्स आणलं. पण त्या तारखेनंतरही पक्षी कुठं गायब झाला? दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, वर्तमानपत्रांच्या साइटच्या तळाशी तो अजून बसलेला आहे. म्हणजे २०२४ पर्यंतचे फोटो गोळा केले तरी त्यात जुनं चिन्हच भरभरून येतं. शिवाय नवं चिन्ह हे एक अक्षरच आहे. ते खिडकी बंद करायच्या फुलीसारखं दिसतं, गणितातल्या एक्ससारखं दिसतं. डोळ्याला वेगळं धरायला काही नाही.

फोनचंही तेच. कटऑफच्या दोन महिने आधी आलेला फोन 'कटऑफच्या आतला' असतो फक्त कागदावर. तेव्हा नेटवर काय असतं? कंपनीचे तेच चार चकचकीत फोटो. तुमच्या काउंटरवर येतो तो चरे पडलेला, कव्हरचा डाग असलेला, ट्यूबलाइटच्या उजेडातला फोन. १२ चे असे वापरलेले फोटो चार वर्षं साठत होते.

मंदाकाकू_डोंबिवली

हे माणसांचंही होतं की. कियाचं नवं चिन्ह आलं तेव्हा मी मुलाला महिनाभर विचारत होते, ही 'केएन' गाडी कुठल्या कंपनीची?

तारयंत्र

काकू, तुम्ही एकट्या नाही. २०२१ मध्ये ते चिन्ह आल्यापासून जगभर लोक 'KN car' असं गुगलवर शोधतात.

बावनकशी

सगळं ऐकलं. तरी माझं म्हणणं कायम. डोळा जुना की फोटो बारीक, हे तुम्ही कसं ठरवणार? दोन्हीत उत्तर चुकणारच.

खोडरबर

हा प्रश्न खरा चांगला आहे. ठरवता येतं, आणि अवघड नाही. जुना_मोबाइलवाला, तुमच्याकडे माल आहे तर एवढं करा. १२, १३, १५ आणि १६ घ्या, शक्यतो सगळे काळे. एकाच टेबलावर, एकाच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. प्रत्येकाला आधी नाव विचारू नका. कॅमेरे उभे आहेत की तिरके, आणि ते ज्या उंचवट्यावर बसलेत तो चौकोनी आहे की लांबट, एवढंच विचारा. नाव नंतर, वेगळ्या प्रश्नात.

वर्णनच चुकलं तर बावनकशी बरोबर, त्याला दिसतच नाहीये. वर्णन बरोबर आणि नाव चूक, तर दिसतंय पण दिसण्याला नाव बांधलेलं नाही. आणि जुने फोन त्याच अंतरावरून बरोबर येत असतील तर फोटो बारीक असण्याला दोष देता येणार नाही.

जुना_मोबाइलवाला

केलं. दुकान बंद झाल्यावर बसलो. प्रत्येकाचे पाच-पाच फोटो. १६ चा एक इथं टाकलाय.

वर्णन वीसपैकी एकोणीस वेळा बरोबर. एक फोटो हलला होता, तो सोडा. १३ ला तिरके, १६ ला उभे, सगळं नीट सांगतंय. १६ चा उंचवटा लांबट गोळीसारखा आहे हेही सांगितलं. आणि नाव विचारलं की १६ पाचही वेळा १२. खुद्द १२ चार वेळा १२, एकदा ११. १३ बरोबर. १५ मात्र तीनदा १३ आणि दोनदा १४, एकदाही १५ नाही.

म्हणजे १५ पण कटऑफच्या बाहेरचा का?

खोडरबर

१५ वरून काही ठरवू नका. १३, १४, १५ पाठीकडून तुम्ही आम्ही तरी पटकन ओळखतो का? १५ ची खात्री तुम्ही खालचं टाइप-सी भोक बघून करता, आणि पाठीच्या फोटोत ते दिसत नाही. तो गोंधळ कटऑफचा असेलही, नसेलही. १६ चं तसं नाही. उंचवट्याचा आकार १२ पेक्षा उघड वेगळा आहे, त्यानं तो स्वतः सांगितला, आणि तरी १२ म्हणाला.

बावनकशी

एक मिनिट. तुम्ही वर टाकलेला फोटो मोठा करून बघितला. १६ च्या शेजारी टेबलावर पिवळी चिठ्ठी आहे, तिच्यावर '12' लिहिलंय. ते काय?

जुना_मोबाइलवाला

अरे देवा. तो लॉटचा नंबर आहे. त्या दिवशीचा बारावा लॉट. सगळ्या चार फोनांजवळ तीच चिठ्ठी होती, एकाच लॉटचे म्हणून.

खोडरबर

बावनकशी, मानलं. मी फोटो बघूनही माझ्या ध्यानात आलं नाही.

हे क्षुल्लक नाही. क्लिप बनवणाऱ्यांनीच २०२१ मध्ये दाखवलं होतं की हिरव्या सफरचंदावर 'iPod' लिहिलेला कागद चिकटवला तर त्यांचं मॉडेल ९९.७ टक्के खात्रीनं आयपॉड म्हणतं. लिहिलेलं दिसलं की हा डोळा बाकी सगळं विसरतो. चिठ्ठी काढून पुन्हा करा. आधीचा निकाल बाद.

जुना_मोबाइलवाला

पुन्हा केलं. चिठ्ठी नाही, टेबलावर कोरा पांढरा कागद. आता १६ तीनदा १२ आणि दोनदा ११ आला. १३ ला काही फरक नाही. १५ पुन्हा १३-१४ मध्येच.

मग चिठ्ठीमुळे होतं की नव्हतं?

खोडरबर

चिठ्ठी ढकलत होती, पण मूळ चूक चिठ्ठीची नाही. १३ जवळ पण '12' होतं आणि तो १३ च राहिला, कारण त्याची ओळख पक्की आहे. १६ ची ओळख नाहीच, म्हणून जो धक्का मिळेल तिकडे तो कलतो. चिठ्ठी होती तेव्हा पाचही १२, काढली तर ११-१२ मध्ये विभागले. पाच फोटोंवरून यापेक्षा जास्त बोलणं बरं नाही.

बावनकशी

पाच फोटोंवरून एवढंही बोलणं जास्तच आहे. पण जाऊ दे. उपाय काय? नवीन मॉडेल उतरवून घ्या, झालं.

तारयंत्र

नवीन घेतलं तरी सप्टेंबरात पुन्हा नवा फोन येणारच ना. दरवर्षी हेच.

जुना_मोबाइलवाला

भाच्यानं एक युक्ती केली. प्रश्नातच लिहून टाकलं की आयफोन १६ ला कॅमेरे उभे असतात. काल दिवसभर चाललं आणि संध्याकाळी बघतो तर काय, आता सगळे १२ सुद्धा १६ म्हणून नोंदवलेत! ११ पण एक. आधी नुकसान माझं होतं, आता गिऱ्हाइकाचं झालं असतं.

खोडरबर

अपेक्षित आहे. 'उभे म्हणजे १६' असा एकच नियम दिला तर ११ आणि १२ लाही तो लागतो. नियम द्यायचाच तर जोडीचा द्या: उभे आणि चौकोनी उंचवट्यात असतील तर ११ किंवा १२, उभे आणि लांबट गोळीत असतील तर १६. त्याला उंचवट्याचा आकार दिसतो हे तुम्हीच सिद्ध केलंय.

पण दुकानासाठी मी दुसरंच करीन. नाव विचारायचं सोडून द्या. डोळ्याला १६ हे नाव माहीत नसेल, पण दोन फोटो एकमेकांसारखे आहेत की नाही हे तो नावाशिवायही सांगू शकतो. तुम्ही ओळखून ठेवलेल्या फोनांचे नमुना-फोटो साठवा. नवा फोटो आला की तो कुठल्या नमुन्याच्या सर्वात जवळ आहे ते बघा. नाव तुमच्या नमुन्यावरून येईल, मॉडेलच्या आठवणीतून नाही. नवा फोन बाजारात आला की पहिला नग हातात पडेल त्या दिवशी सात-आठ फोटो काढून नमुन्यात टाकायचे. भाच्याला हे द्या:

```python
import open_clip, torch
from PIL import Image

m, _, prep = open_clip.create_model_and_transforms(
    "ViT-B-32", pretrained="laion2b_s34b_b79k")
m.eval()

def vec(path):
    img = prep(Image.open(path).convert("RGB")).unsqueeze(0)
    with torch.no_grad():
        v = m.encode_image(img)
    return v / v.norm(dim=-1, keepdim=True)

print((vec("navin.jpg") @ vec("namuna.jpg").T).item())
```

शेवटी एक आकडा छापला जातो. एकच्या जितका जवळ तितके फोटो सारखे. सगळ्या नमुन्यांशी ताडून बघायचं आणि पहिल्या-दुसऱ्यात फरक अगदी कमी असेल तर शीटमध्ये नावाऐवजी 'हातानं बघा' असं पडू द्यायचं. ते 'माहीत नाही' तुम्हाला हवं होतं ना, ते असं बाहेरून बसवावं लागतं.

मंदाकाकू_डोंबिवली

हे इंग्रजीतलं मला काही कळलं नाही, पण 'हातानं बघा' आवडलं.

जुना_मोबाइलवाला

भाच्यानं रविवारी बसवलं. पहिल्या दिवशी वेगळाच घोळ. १६ चा नमुना पांढऱ्या कागदावर काढलेला आणि १२ चा जुन्या लाकडी टेबलावर. मग टेबलावर ठेवलेला प्रत्येक फोन १२ आणि कागदावरचा प्रत्येक १६. फोनापेक्षा टेबलच जास्त ओळखत होतं ते!

आता सगळे नमुने कागदावर, आणि भाचा फोटोतून पाठीचा वरचा अर्धा भाग कापून मगच देतो. (बावनकशी, तुमचा कोपरा कापायचा सल्ला इथं कामी आला.) काल आलेला एक १६ ताडून बघितला. १६ च्या नमुन्याशी ०.९३, १२ च्या नमुन्याशी ०.८८. त्यामानानं १५ आणि १४ मध्ये फरक ०.०१ सुद्धा येत नाही, ते सगळे 'हातानं बघा' मध्ये जातात.

बावनकशी

म्हणजे शेवटी कापावंच लागलं. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

खोडरबर

सांगितलं होतं, खरंच. फक्त कापल्यानं नाव आलं नसतं.

'हातानं बघा' मधले फोन चालू होत असतील तर *#06# लावा. पंधरा आकडी आयएमईआय येतो, त्यातले पहिले आठ आकडे कुठला फोन आहे ते सांगतात. बंद असेल तर बाजू बघा. १६ च्या उजव्या कडेला खालच्या बाजूला कॅमेऱ्याचं बटण आहे, ते १२ ते १५ पैकी कुणालाच नाही. खरं तर पाठीबरोबर उजव्या कडेचा एक फोटो काढला असता तर तीस हजार वाचले असते.

तारयंत्र

मुलीला हे नमुन्याचं सांगितलं. तिनं पाकिटांवरच्या नव्या चिन्हाचे सहा फोटो घालून बघितले. बीएसएनएलची पाकिटं आता बरोबर जातात. पण काल एका मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिकाही बीएसएनएलमध्ये गेली. तिच्यावर भगव्या गोलात महाराष्ट्राचा नकाशा होता. फरकाची मर्यादा किती ठेवायची यावर बापलेकीचं अजून एकमत नाही. ती म्हणते ०.०५, मी म्हणतो पत्रिका शंभर चुकल्या तरी चालतील, बिल चुकायला नको.

खोडरबर

ती मर्यादा तुमच्या कागदांवरच ठरेल काका, बाहेरून सांगता येणार नाही. पन्नास कागद हातानं लावून ठेवा आणि त्यावर दोघांच्या मर्यादा चालवून बघा.

जुना_मोबाइलवाला

खोडरबर साहेब, एक राहिलं. १६ प्लस आणि साधा १६ यांचे आकडे अगदी सारखे येतात. हा पण जुन्या डोळ्याचा दोष का?

खोडरबर

नाही, हा कुठल्याच डोळ्याचा दोष नाही. पाठीची रचना तीच, फरक फक्त आकाराचा. आणि तुम्ही कापून दिलेल्या फोटोत आकार मोजायला शेजारी काहीच नाही.

जुना_मोबाइलवाला

मग कागदावर पोराची कंपासपेटीतली पट्टी चिकटवतो. पण तिच्यावर आकडे छापलेत, त्यात १२ पण आहे. आधी त्या आकड्यांवर काळी टेप लावतो आणि मग फोटो काढतो.